चेहऱ्यामागची बेरीज

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ड्युशेन नावाच्या फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञाने एक विलक्षण प्रयोग केला. चेहऱ्याची संवेदना मंदावलेल्या एका वृद्धाच्या गालावर, कपाळावर, डोळ्यांभोवती विजेच्या सौम्य प्रवाहाची टोके टेकवून तो एकेक स्नायू वेगवेगळा आकुंचित करत गेला आणि प्रत्येक वेळी छायाचित्र काढून घेत गेला. १८६२ मध्ये त्याचे पुस्तक आले. त्यातले एक निरीक्षण आजही विसरले गेलेले नाही. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू तेवढा आवळला की तोंड हसते, पण माणूस हसल्यासारखा वाटत नाही. मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला जातो, गाल वर चढतात, खालची पापणी किंचित फुगते आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कडांना सुरकुत्या पडतात.

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे आणि अ‍ॅनिमेशनचे मोफत सॉफ्टवेअर उघडून जो कोणी आपल्या पहिल्या पात्राला हसवायला बसतो, त्याला ड्युशेनचा हा धडा पहिल्याच दिवशी भेटतो. ओठांचे कोपरे वर ओढले जातात, आकार अगदी बरोबर असतो, तरी पात्र फोटोसाठी उसने हसते आहे असे वाटत राहते.

चेहरा हलता ठेवण्यासाठी जी अंतर्गत व्यवस्था उभारतात, तिला या व्यवसायात रिग म्हणतात. ब्लेंडरमध्ये चेहऱ्याच्या रिगचा मोठा भार शेप की उचलतात. त्यांचे काम समजायला अगदी सोपे आहे. संगणकातला चेहरा म्हणजे बिंदूंचे जाळे. या बिंदूंना व्हर्टेक्स म्हणतात. ब्लेंडरबरोबर येणारे सुझान हे माकडाचे डोके सगळ्यांच्या ओळखीचे आहे. त्यात ५०७ व्हर्टेक्स आहेत. शेप की म्हणजे या प्रत्येक बिंदूच्या जागेची आणखी एक नोंद. पहिली नोंद मूळ, निर्विकार चेहऱ्याची. तिला ब्लेंडर Basis असे नाव देतो. दुसरी नोंद, समजा, हसऱ्या तोंडाची. प्रत्येक कीला ० ते १ असा एक स्लायडर मिळतो. तो शून्यावर असताना चेहरा निर्विकार, १ वर पूर्ण हसरा, आणि मधे कुठेही ठेवला तर प्रत्येक बिंदू मूळ जागेपासून नव्या जागेकडे तितक्या प्रमाणात सरकलेला. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क याने संगणकावर हलता चेहरा केला, तोही एका भावमुद्रेच्या बिंदूंवरून दुसऱ्या मुद्रेच्या बिंदूंवर असेच सरकत जाऊन.

या व्यवस्थेचे दोन गुणधर्म लक्षात ठेवले की पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचा उलगडा होतो. पहिला, बिंदू नेहमी सरळ रेषेत जातो. दुसरा, दोन की एकाच वेळी चालू असतील तर त्यांची सरकणी एकमेकींत मिळवली जाते. म्हणजे साधी बेरीज. ब्लेंडरला स्नायू, कातडी, हाड यांतले काही कळत नाही; ते बेरीज करते आणि जे उत्तर येईल ते दाखवते. चेहऱ्याची रिग बांधण्याचे कौशल्य म्हणजे ही बेरीज आपल्याला हव्या त्या उत्तराला आणणे.

म्हणून ‘आनंद’ नावाची एकच की करून ठेवणे हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्या कीमध्ये ओठ, गाल, पापण्या, भुवया सगळे एकदम बांधले जाते. मग ओठांवर हसू आहे पण डोळे उदास आहेत असा प्रसंग आला की हात टेकावे लागतात. अनुभवी रिगर भावना करत नाहीत, हालचाली करतात. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक दृश्य हालचालीला क्रमांक आहे: १२ म्हणजे ओठांचा कोपरा वर ओढणे, ६ म्हणजे गाल उचलून डोळे बारीक करणे, ४ म्हणजे भुवया खाली आणून जवळ आणणे. १२ आणि ६ एकत्र आले की ड्युशेनचे खरे हसू होते. अ‍ॅनिमेशनवाल्यांनी ही वर्गवारी उचलली, कारण ती बेरजेच्या भाषेत बोलते. १२ क्रमांकाची एक की, ६ ची दुसरी. पात्र किती आणि कसे हसते, हे दोन स्लायडर ठरवतात.

आता प्रत्यक्ष एक हसू बांधू. चेहऱ्याचे जाळे डावी-उजवीकडे तंतोतंत सारखे हवे. Mirror मॉडिफायर वापरून अर्धाच चेहरा घडवला असेल, तर तो मॉडिफायर आधी Apply करून टाकायचा, कारण एकदा शेप की तयार झाल्या की ब्लेंडर तसे करू देत नाही. ज्यांनी घाई करून आधी वीसेक की घडवल्या, त्यांना हा नियम फार महागात पडतो. त्यानंतर Object Data टॅबमधल्या Shape Keys पॅनेलमध्ये अधिकचे चिन्ह दाबायचे. पहिल्या दाबाला Basis, दुसऱ्याला रिकामी की. तिचे नाव `Smile` ठेवायचे, तीच निवडलेली आहे याची खात्री करायची आणि मगच बिंदू हलवायला घ्यायचे. ही खात्री वरवर क्षुल्लक वाटते. पण चुकून Basis निवडलेली राहिली, तर हसू मूळ चेहऱ्यातच शिरते आणि त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या की ते घेऊन चालतात. सगळे स्लायडर शून्यावर आणले आणि तरी पात्र हसतच राहिले, तर नेमके हेच घडले आहे असे समजावे.

ओठाचा कोपरा ओढताना तो नुसता वर न्यायचा नाही. तो बाहेर जातो, वर जातो आणि दातांच्या कमानीला धरून किंचित मागेही जातो. ही मागे जाण्याची हालचाल समोरून दिसत नाही म्हणून राहून जाते, आणि बाजूने पाहिले की ओठ हवेत तरंगताना दिसतात. त्यामुळे प्रत्येक की घडवताना चेहरा फिरवून पाहत राहायचे.

दोन्ही बाजू एकदम हसल्या, आता त्या वेगळ्या करायच्या. माणूस एका गालात हसतो, एक भुवई उचलतो, एक डोळा मिचकावतो; अगदी सारखे हलणारे दोन अर्धे निर्जीव वाटतात. ब्लेंडरमध्ये त्यासाठी बिंदूंचा एक गट, म्हणजे व्हर्टेक्स ग्रुप, करतात. डाव्या बाजूच्या बिंदूंना वजन १, उजव्या बाजूच्या बिंदूंना ०. सारी कसोटी मधल्या पट्ट्यात आहे. तिथे १ वरून एकदम ० वर उडी मारली, तर डावा ओठ हलतो, उजवा जागीच राहतो आणि नाकाखाली ओठाला घडी पडते. वजन मधल्या तीन-चार ओळींत हळूहळू उतरवायचे आणि बरोबर मध्यरेषेवर ते ०.५ ठेवायचे. मग `Smile` या कीच्या Vertex Group या चौकटीत हा गट निवडायचा, फक्त तिचाच स्लायडर १ वर ठेवायचा आणि बाणाच्या मेनूतून New Shape from Mix निवडायचे. समोर जे दिसते आहे तेच नवी की म्हणून नोंदले जाते. तिला `Smile_L` म्हणायचे. उजवीसाठी हीच कृती पुन्हा करून नव्या कीवर त्याच मेनूतले Mirror Shape Key वापरले की `Smile_R` तयार.

याची पडताळणी सोपी आहे आणि ती टाळू नये. मूळ `Smile` वरचा गट काढून तिचा स्लायडर १ वर ठेवून ओठ नीट पाहायचे. मग ती शून्यावर आणून `Smile_L` आणि `Smile_R` दोन्ही १ वर न्यायच्या. चेहऱ्यात तिळमात्र फरक पडता कामा नये. मध्यरेषेवरचा बिंदू दोन्हींकडून अर्धा-अर्धा सरकतो, म्हणून बेरीज पूर्ण होते. ओठ मधोमध खचला किंवा जास्तच वर गेला, तर मधल्या वजनांत चूक आहे.

पापणी हा सरळ रेषेच्या नियमाचा खरा बळी. डोळा मिटण्याची की घडवली, १ वर डोळा झकास मिटतो, ० वर उघडा. स्लायडर हळूहळू सरकवला की मात्र मधल्या टप्प्यावर बुबुळ पापणी फोडून बाहेर आल्यासारखे दिसते. कारण भूमितीचे आहे. पापणी गोलावरून घसरते, म्हणजे कमानीत जाते. शेप की तिला त्या कमानीच्या दोन टोकांमधल्या सरळ रेषेतून नेते आणि ती रेषा गोलाच्या आतून जाते. डोळ्याच्या गोळ्याची त्रिज्या १२ मिलिमीटर आणि पापणीची कड त्यापासून अर्धा मिलिमीटर बाहेर धरू. मिटताना ती ६० अंशांचा प्रवास करत असेल, तर बरोबर अर्ध्यावर ती केंद्रापासून १०.८ मिलिमीटरवर असते. म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागाखाली एक मिलिमीटरहून अधिक बुडालेली.

काही जण मधल्या टप्प्यासाठी डोळ्याचा गोळाच बारीक करतात. तो उपाय नव्हे. डोळा खोबणीत सैल दिसू लागतो. योग्य मार्ग म्हणजे दुरुस्तीची की. `Blink_L` चा स्लायडर ०.५ वर ठेवायचा, नवी की करून तिचा स्लायडर १ वर न्यायचा, पॅनेलमधले Shape Key Edit Mode चालू करायचे, म्हणजे अर्धवट मिटलेली पापणी समोर दिसत असताना तिच्यावर काम करता येते, आणि बुडालेले बिंदू गोळ्याच्या बाहेर आणायचे. ही की पापणी अर्ध्यावर असताना पूर्ण लागू व्हावी आणि दोन्ही टोकांना नाहीशी व्हावी. अ‍ॅनिमेटरने तिला हात लावायची गरजच पडू नये, म्हणून तिच्या स्लायडरवर उजवी क्लिक करून Add Driver निवडतात. ड्रायव्हर म्हणजे एका मूल्याने दुसरे मूल्य चालवण्याची सोय. त्यात Single Property प्रकारचे एक चल घ्यायचे, त्याला `b` नाव द्यायचे, ते चेहऱ्याच्या कीसंचाकडे वळवून `key_blocks["Blink_L"].value` हा पत्ता द्यायचा आणि सूत्र लिहायचे:

```
4 * b * (1 - b)
```

`b` शून्य किंवा १ असेल तर उत्तर शून्य, ०.५ असेल तर बरोबर १, ०.२५ ला ०.७५. वरच्या उदाहरणातल्या पापणीला पाव प्रवासावर जितकी भर लागते, ती अर्ध्यावरच्या भरीच्या सुमारे ७४ टक्के येते. म्हणजे हे छोटे सूत्र खऱ्या कमानीच्या इतके जवळ आहे की डोळ्याला फरक कळणार नाही.

जबड्याच्या बाबतीत मात्र शेप कीचा हट्ट धरू नये. जबडा कानापुढच्या सांध्याभोवती फिरतो. त्यालाही सरळ रेषेत नेले तर हनुवटी अर्ध्या वाटेवर आखडते. शिवाय खालचे दात आणि जीभ हे बहुधा वेगळे ऑब्जेक्ट असतात आणि ते जबड्याबरोबर फिरायला हवेत. इथे एक हाड, म्हणजे ब्लेंडरच्या आर्मेचरमधला एक बोन, सगळे काम करतो. शेप कीची बेरीज आधी होते आणि हाडांचा परिणाम त्यावर नंतर चढतो, म्हणून दोघे एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदतात: जबडा हाडाने, ओठ शेप कीने.

आता या चेहऱ्याला बोलते करू. एक लहान मूल हसत म्हणते आहे, ‘आई, बघ फुगा!’ नवखा माणूस अक्षरे मोजून तितके आकार करायला बसतो. पण कॅमेऱ्याला जीभ फारशी दिसत नाही, त्याला दिसतात ओठ आणि जबडा. घ आणि ग यांचा उच्चार जिभेच्या मागच्या भागाने होतो, ओठांना त्यात काम नाही. त्यांच्यासाठी काहीही करायचे नाही. उरते ते असे: आ साठी जबडा उघडा, ई साठी ओठ रुंद, ब साठी ओठ मिटलेले, त्यापुढच्या अ साठी जबडा जरासा उघडा, फ, मग उ साठी ओठ गोल आणि पुढे आलेले, आणि शेवटी पुन्हा आ. जबड्याचे एक हाड आणि रुंद, मिटलेले, गोल अशा तीन की एवढ्यात वाक्य होते.

फ कडे जरा थांबून पाहायला हवे. कोणी ‘फुगा’ दोन्ही ओठ मिटवून म्हणतो, कोणी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. ध्वनिमुद्रणात जे ऐकू येते त्याप्रमाणे आकार निवडायचा, त्यासाठी दात-ओठांची आणखी एक की करून ठेवलेली बरी. ओठ मिटणारा फ असेल तरी त्या क्षणी ओठ सपाट ठेवू नयेत. पुढे उ येणार आहे हे तोंडाला आधीच ठाऊक असते, म्हणून मिटलेले ओठ अगोदरच गोलाकडे झुकलेले असतात. आरशासमोर ‘फुगा’ आणि ‘फाटक’ म्हणून पाहिले की हा फरक लगेच दिसतो. मिटलेल्या कीबरोबर गोल कीचा स्लायडर ०.४ च्या आसपास ठेवला की हेच रिगमध्ये उतरते.

वेळेचे गणितही ओठ मिटण्याभोवतीच फिरते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. ‘बघ’मधला ब ज्या चौकटीत फुटतो ती १७ वी धरली, तर ओठ १५ व्या आणि १६ व्या चौकटीत पूर्ण मिटलेले हवेत. एकच चौकट मिटले तर प्रेक्षकाच्या नजरेतून निसटते आणि वाक्य भलत्याच चित्रावर चिकटवल्यासारखे वाटते. बाकीचे स्वर थोडे इकडेतिकडे झाले तर कोणी तक्रार करत नाही. प, फ, ब, भ, म चुकलेले मात्र लहान मुलालाही कळतात. ऱ्हबार्ब लिप सिंक नावाचे एक मोफत साधन आवाजाची फाइल ऐकून अशा आकारांचे वेळापत्रक लावून देते आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी त्यात नुसत्या ध्वनींवर चालणारा पर्याय आहे. पहिला खर्डा म्हणून ते उपयोगी पडते. ओठ मिटण्याच्या जागा मात्र हातानेच तपासाव्या लागतात.

आणि आता ते मूल हसते आहे, हे विसरून चालणार नाही. इथे बेरीज पुन्हा आडवी येते. हसण्याच्या कीने ओठाचा कोपरा ६ मिलिमीटर बाहेर जातो असे धरू, आणि ई च्या रुंद कीने ७. मूल हसत हसत ‘आई’ म्हणाले की ब्लेंडर दोन्ही मिळवते आणि कोपरा १३ मिलिमीटर बाहेर जातो. खऱ्या तोंडात हे घडू शकत नाही. हसताना ओठ आधीच ताणलेले असतात आणि ई साठी त्यांना फार थोडेच पुढे जायचे असते. पडद्यावर मात्र तोंड गालात घुसते, ओठ दोरीसारखे बारीक होतात आणि हसणारे मूल भीतीदायक दिसू लागते. नव्या पात्रांमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष हाच आहे.

इलाज पुन्हा दुरुस्तीच्या कीचा. दोन्ही स्लायडर १ वर ठेवून कोपरा ५ मिलिमीटर आत घ्यायचा, म्हणजे एकूण ८ उरतील, ओठांची जाडी परत आणायची, आणि ही की हसणे व रुंदपणा यांच्या गुणाकाराने चालवायची. `s` हे हसण्याचे मूल्य आणि `e` हे ई चे:

```
s * e
```

नुसते हसले तर `e` शून्य, दुरुस्ती शून्य. नुसते ‘ई’ म्हटले तरी शून्य. दोन्ही एकत्र आले तेव्हाच दुरुस्ती जागी होते, आणि अर्ध्या हसण्यात अर्धीच. अशा जोड-दुरुस्त्या सगळ्या जोड्यांसाठी करायला गेले तर त्यांची संख्या झपाट्याने वाढते. दहा की असतील तर जोड्या ४५ होतात. त्यातल्या बहुतेकींना काहीही करावे लागत नाही, कारण भुवई आणि ओठ यांचे बिंदू एकमेकांत मिसळतच नाहीत. ओठांच्या कोपऱ्याला हात लावणाऱ्या की तेवढ्या एकमेकींशी लावून पाहाव्यात: हसणे आणि रुंद, हसणे आणि गोल, हसणे आणि उघडा जबडा.

अ‍ॅनिमेटरच्या हाती शेवटी स्लायडरची लांब यादी देत नाहीत. चेहऱ्याशेजारी किंवा चेहऱ्यावरच लहान हाडे मांडतात आणि त्यांची हालचाल ड्रायव्हरने कीना जोडतात. ओठाच्या कोपऱ्याशी असलेले हाड ०.१ एकक वर नेले की `Smile_L` पूर्ण व्हावी, असे ठरवले तर Transform Channel या प्रकारचे चल `v` घेऊन सूत्र असे होते:

```
min(max(v * 10, 0), 1)
```

चल Local Space मध्येच वाचायचे. तसे केले नाही तर पात्राने नुसती मान वळवली किंवा ते उठून चालू लागले तरी ओठ हसू लागतात. रिगची ही चूक ओळखायला एकच चाचणी पुरते: मुख्य हाड धरून पात्र दहा एकक बाजूला न्यायचे आणि चेहरा पाहायचा.

पहिल्यांदा चेहरा बांधणाऱ्याने पन्नास कीच्या मागे लागू नये. डावे-उजवे हसणे, गाल उचलणे, पापण्या मिटणे, भुवया वर-खाली, रुंद, मिटलेले, गोल आणि दात-ओठ, एवढ्या की आणि जबड्याचे हाड घ्यावे. प्रत्येक की एकटी पाहावी, अर्ध्यावर थांबवून पाहावी, शेजारणीबरोबर लावून पाहावी. मग आपल्याच आवाजात ‘आई, बघ फुगा!’ मुद्रित करून ते वाक्य त्या चेहऱ्याच्या तोंडी घालावे, एकदा हसऱ्या चेहऱ्याने आणि एकदा रडवेल्या. जिथे तो बिघडेल, तिथेच पुढची की करावी.